थंड पाण्यातले बटाटे

कॅन्टीनमध्ये त्यांना सगळे मावशी म्हणत. त्यांची टिक्की कधी फुटायची नाही. कोणी गुपित विचारलं की फणकारायच्या, "गुपित कसलं डोंबलाचं? कुस्करायला नि टिक्कीला पिठूळ बटाटा, रश्शाला चिकट. आणि गार पाण्यातच चढवायचा, म्हणजे आतबाहेर सारखा शिजतो."

हे सगळं नवऱ्याने शिकवलेलं. तो बाजारात बटाटे विकायचा. आता अर्धांगाने त्याची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. मऊ कुस्करलेलं तेवढंच त्याला गिळता यायचं.

दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसंच झालं. परवा कामावर जायची घाई, घरात रश्शाचे चिकट बटाटेच उरलेले. मावशींनी ते चहासाठी ठेवलेल्या उकळत्या आधणात टाकले. वरून गळले, आत कच्चे राहिले. कुस्करल्यावर नुसती खळ झाली, तीही गाठींची. दुसऱ्याच घासाला त्याला ठसका लागला आणि तोंड काळंनिळं पडलं. शेजाऱ्यांनी पाठ चोळत, थोपटत कसाबसा घास बाहेर काढला.

तेव्हापासून चमचा दिसला की तो दात आवळायचा. डॉक्टरांनी सांगून टाकलं, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

"अहो, चुकलं माझं. आणखी किती छळाल?" मावशी म्हणाल्या. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मावशींना राग आला, मग रडू आलं. जगाला टिक्क्या खाऊ घालणाऱ्या हाताने आपण घरच्याच माणसाचा जीव घ्यायला निघालो होतो, हे काही केल्या मनातून जाईना.

शेवटी त्या बाजारात गेल्या आणि दोन्ही जातींचे बटाटे आणून त्याच्या पांघरुणावर ओतले.

"घ्या. तुम्हीच निवडा."

त्याचा डावा हात पुढे आला. तो एकेक बटाटा पुढे करी, मावशी कापून दोन्ही फोडी एकमेकींवर घासत. एकाची फोड नुसतीच ओली चकचकीत निघाली. त्याने तो जमिनीवर ढकलून दिला. दुसऱ्याला पांढरं दूध सुटलं, फोडी एकमेकींना चिकटल्या. तो त्याने उशाशी ठेवला.

तसलेच अख्खे बटाटे घेऊन मावशींनी पातेलं भरलं आणि त्याची बोटं पाण्यात बुडवली. पाणी गार होतं. मग त्याच्या डोळ्यांदेखत गॅस पेटवला. सुरी मधोमध सहज उतरली तेव्हाच सोलले, गरम दुधात घोटले.

चमचा पुढे केला. त्याने तो डाव्या हाताने त्यांच्याच तोंडाकडे वळवला.

हे लागलं त्यांना. तरी मुकाट्याने खाल्लं. गाठ नव्हती. घास त्यांच्या गळ्याखाली उतरेपर्यंत तो बघत राहिला आणि मग त्याने तोंड उघडलं. पण मावशींचा हात इतका कापत होता, की त्यालाच त्यांचं मनगट धरावं लागलं.