एका माणसाचं पिठलं

मुरगूडच्या दिलदारचाचांनी आयुष्यभर लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक केला. जर्मनीत शिकणारा नातू सोहेल नुसत्या पावावर दिवस काढतोय हे कळल्यावर त्यांनी पत्रात त्याला खिचडी, पिठलं, आमटी-भात, उपीट आणि अंड्याची भुर्जी कशी करायची ते मापांसकट लिहिलं. पत्र वाचून त्यांची बायको बिबीजान हसत सुटली. "पाच किलो बेसन? पोरगं काय वरात जेवायला घालणार हाय व्हय?"

चाचा ओशाळले. मग त्यांनी छोट्या कढईत एकट्यापुरतं पिठलं केलं. अर्धी वाटी बेसन दीड वाटी पाण्यात कालवून फोडणीत ओतलं, गुठळ्या न होऊ देता हलवलं आणि झाकण ठेवून वाफ काढली.

बिबीजाननं चाखलं. "जमलं की!"

बाकीचे चार पदार्थही तसेच करून बघत त्यांनी सगळी मापं बदलली. शेवटी लिहिलं, "तुझ्या दादीनं खाऊन बघितलंय. आता पाव बंद कर."