कृपया जप्ती

आमच्या पतसंस्थेचे चेअरमन ग्राहकसेवेच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांना सभासदांविषयी एकदम आदर वाटायला लागला. इतकी वर्षं तो कुठे होता कोण जाणे. त्यांनी मॅनेजरला बोलावलं आणि सांगितलं की हप्ता थकला की आपण जे स्मरणपत्र पाठवतो ते उद्धट आहे, ते आता सन्मानपूर्वक झालं पाहिजे.

मॅनेजरने तासाभरात ते सन्मानपूर्वक करून आणलं. जुन्या पत्रात 'कर्जदार' होतं तिथे 'सन्माननीय सभासद महोदय/महोदया' घातलं आणि जिथे जागा दिसली तिथे 'कृपया' टाकलं. 'सदर थकीत रकमेचा भरणा कृपया सात दिवसांत न केल्यास आपणांविरुद्ध कलम एकशे एक अन्वये कारवाई करून आपली जंगम व स्थावर मालमत्ता जप्त करण्यात येईल, याची कृपया गंभीर नोंद घ्यावी.' खाली लाल शाईतला शिक्का. मी हसले तर त्यांना वाटलं, मला आवडलं.

मी त्या संस्थेत कर्ज विभागाची क्लार्क. माहेर शहाद्याकडचं, नोकरी नवापुरात. मॅनेजरही माझ्याच पट्ट्यातले, त्यामुळे रागावले की सरळ अहिराणीवर यायचे. सभासद निम्मेअधिक डोंगराकडच्या गावांतले, घरी मावची नाहीतर कोकणा आदिवासींची कोकणी बोलणारे. मराठी त्यांना शाळेत आणि आमच्यासारख्यांच्या काउंटरवरच भेटते. अशा माणसाला आम्ही 'जंगम मालमत्ता' लिहून पाठवायचो. आमच्या संचालकांपैकी किती जणांना जंगम म्हणजे काय ते सांगता आलं असतं, याची मला दाट शंका आहे.

आणि ती धमकी खोटी होती, याचीच मला जास्त चीड. एक हप्ता चुकला म्हणून पतसंस्था कुणाच्या घरातलं ताटसुद्धा उचलू शकत नाही. आधी मागणी नोटीस, मग सहायक निबंधकांकडे अर्ज, तिथे सभासदाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, मग वसुली दाखला, आणि त्यानंतर जप्ती. हे मॅनेजरला माहीत होतं. तरी पहिल्याच चुकलेल्या हप्त्याला शेवटच्या पायरीची भीती घालायची, आणि तिची एक प्रत जामीनदारालाही पाठवायची. याला ते 'वसुलीचं कौशल्य' म्हणत.

त्याच आठवड्यात जुनं पत्र हातात घेऊन एक सभासद बाई आली. नवापूरजवळच्या एका गावात तिची पिठाची चक्की होती, आमच्याच कर्जावर घेतलेली. हप्ता चुकल्याचं पत्र तिला आलं होतं आणि दुसरी प्रत जामीनदाराला, म्हणजे तिच्या मोठ्या भावाला. तो आश्रमशाळेत शिपाई. पगारातून कापून घेऊ असं पत्रात होतं. तो ते पत्र घेऊन थेट चक्कीवर गेला आणि दळण घेऊन आलेल्या बायांसमोर बहिणीला नको नको ते बोलला. त्या दिवसापासून तिच्या घरी पाय ठेवला नव्हता. बायाही आपापले डबे उचलून दुसऱ्या चक्कीवर गेल्या. जप्तीत गेलेल्या चक्कीत आपलं पीठ अडकायला कुणाला हवंय?

"मी तर रोज देते," ती म्हणाली. "तुमचा माणूस येतो ना सायकलवर, त्याला रोज देते. मग मी चोर कशी?"

मी तिचं खातं उघडलं आणि मला सगळं कळलं. आमचा पिग्मी एजंट तिच्याकडून रोज पैसे घेत होता आणि ते तिच्या पिग्मी खात्यात, म्हणजे रोजच्या बचतीच्या खात्यात जमा होत होते. तिला वाटत होतं हप्ता चाललाय. कर्ज एका खात्यात, बचत दुसऱ्या खात्यात. एकातून दुसऱ्यात वळवायचे तर तिची सही लागते, आणि ती सही तिच्याकडे कुणी मागितलीच नाही. मागायची कुणी? एजंटला पिग्मीवर कमिशन, मॅनेजरला ठेवी वाढल्याचा आनंद, आणि कर्जाच्या बाजूला दंडव्याज चढतंय याचाही आनंद. एकाच संस्थेच्या एका खणात तिचे पैसे होते आणि दुसऱ्या खणातून तिला जप्तीची धमकी गेली होती.

मी रक्कम वर्ग करण्याचा अर्ज भरला, तिची सही घेतली, हप्ता त्याच दिवशी भरला गेला. वर थोडे उरलेही. तिला मी म्हणाले, झालं, आता काळजी नको. ती उठलीच नाही.

"भावाला काय सांगू?" तिने विचारलं. "त्याला कागद आला होता. आता मी तोंडाने सांगितलं तर तो ऐकेल का?"

तिचं बरोबर होतं. त्या संध्याकाळी मी दोन पत्रं लिहायला घेतली. पहिलं सगळ्या सभासदांसाठी, कारण चेअरमनचं सन्मानाचं खूळ अजून उतरलं नव्हतं आणि तेवढ्यात ते उरकायला हवं होतं.

'नमस्कार. तुमच्या कर्जाचा या महिन्याचा हप्ता आमच्याकडे अजून जमा झालेला दिसत नाही. तुम्ही भरला असेल तर पावती घेऊन या, आम्ही नोंद तपासू. राहिला असेल तर खाली दिलेल्या तारखेपर्यंत भरा. एकदम जमत नसेल तर त्याआधी येऊन भेटा, काय करता येईल ते सांगू. तुमचं पिग्मी किंवा बचत खातं आमच्याकडे असेल तर त्यातूनही हप्ता भरता येतो, फक्त तुमची सही लागते.' खाली हप्ता किती, दंडव्याज किती, आणि कुणाला भेटायचं त्याचं नाव आणि फोन. जप्ती नाही, कलम नाही. जामीनदाराला पहिल्याच पत्राची प्रत नाही.

मॅनेजरने ते वाचलं आणि चष्मा काढला. "ताई, हाई काय लिखेल शे? हाई नोटीस शे का लगीननी पत्रिका? हाई वाचीसन कोन भ्याई?"

मी म्हटलं, भ्यायला कशाला पाहिजे, भरायला पाहिजे. जुन्या पत्रात भ्यायचं कसं ते नीट लिहिलंय, भरायचं कुठे आणि कसं याची एक ओळ नाही. त्यांनी पत्र उलटंपालटं करून पाहिलं, जणू मागच्या बाजूला धमकी लपवली असेल. शेवटी चेअरमनच्या भीतीने मान्य केलं. त्यांचं सगळं शहाणपण वरच्याची भीती आणि खालच्याला भीती एवढ्यात मावायचं.

दुसरं पत्र तिच्या भावाला होतं. 'तुम्ही ज्यांना जामीन आहात त्या सभासदांचे पैसे हप्त्याच्या तारखेआधीच आमच्याकडे जमा होते. ते हप्त्याच्या खात्यात वळवायचं आमच्याकडून राहिलं. चूक आमची आहे, त्यांची नाही. तुम्हाला पाठवलेलं पत्र आम्ही मागे घेत आहोत.'

हे वाचून मॅनेजरचा चेहरा असा झाला की मी त्यांची खुर्ची मागितली असं वाटावं. "संस्था चूक कबूल करस का कधी? उद्या सगळाच यी उभा ऱ्हातीन. तुम्हले कोनी सांगं हाई लिखाले?" सही करायला त्यांनी साफ नकार दिला. 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहा म्हणाले. तांत्रिक! सायकलवरच्या माणसाचं कोणतं तंत्र बिघडलं होतं, देव जाणे. दंडव्याज माफ करायचं तर संचालक मंडळाचा ठराव लागतो, हे खरं. पण सत्य सांगायला कोणता ठराव लागतो?

ती दोन दिवसांनी परत आली तेव्हा मी तिला सरळ सांगितलं की साहेब सही करत नाहीत. मला वाटलं, ती रडेल. ती मॅनेजरच्या काचेच्या खोलीत शिरली आणि आमच्या पिग्मीच्या लाईनवर तिच्या गल्लीत, चर्चच्या मागे आणि आठवडी बाजारात कोणकोण बाया रोज पैसे टाकतात ते शांतपणे सांगू लागली. मग म्हणाली, "आम्ही सगळ्या उद्या आमचे पैसे काढून घेऊ. तुमच्याकडे पैसे ठेवून चोर व्हायचं नाही आम्हाला."

पतसंस्थेच्या मॅनेजरला देव, कायदा, निबंधक यांतलं काही घाबरवत नाही. ठेवी काढणाऱ्यांची रांग घाबरवते. त्यांनी पेन काढलं.

"सही नंतर," ती म्हणाली. "माझी इज्जत गेली ती चक्कीवर, बायांसमोर. तुमचं पत्र तिथेच वाचा. तुम्ही वाचा, ताईंनी नाही."

आणि ते गेले! संस्थेच्या इतिहासात मॅनेजर सभासदाच्या दारात गेला तो फक्त वसुलीला किंवा जेवणाला. मी मुद्दाम सोबत गेले. हे बघायचं मी सोडणार नव्हते. बाजाराचा दिवस होता, तिच्या बोलावण्यावरून चक्कीसमोर बाया जमल्या होत्या. तिने निरोप धाडला म्हणून भाऊही आला होता, पण आत न येता रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून उभा राहिला. स्वतः गुन्हेगार पकडून दिल्यासारखा ताठ.

तिने मोटार बंद केली. मॅनेजरने पत्र काढलं आणि पंगतीत उरलेलं कारलं गिळावं तसं भराभर वाचलं. 'चूक आमची आहे' हे तर नुसतं ओठांतल्या ओठांत.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "चक्की बंद आहे. मोठ्याने वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. या वेळी एका बाईने मध्येच विचारलं, म्हणजे पैसे यांच्याकडेच होते? मॅनेजरना "हो" म्हणावं लागलं. त्यांनी तिथेच चक्कीच्या पत्र्यावर कागद टेकवून सही केली आणि घाम पुसला. पीठ त्यांच्या बाहीला लागलं, ते झटकत राहिले. मला त्यांची कणभरही दया आली नाही.

ती ते पत्र घेऊन भावाकडे गेली. त्याने वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं. मग तिला मावचीत म्हणाला, आणि कामापुरती ती भाषा मला कळते, "त्या दिवशीच का नाही सांगितलंस, पैसे भरलेत म्हणून?"

"सांगत होते," ती म्हणाली. "तू कागद वाचत होतास."

तिने परत येऊन मोटार सुरू केली आणि पहिल्या बाईचा डबा हातात घेतला.