राजश्रीचा जिना

अभिमन्यूनं बापासाठी सकाळचं दूध स्वतः आणायला सुरुवात केली, तेव्हा शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात सगळ्यांना कौतुक वाटलं. समोरची चंद्रव्वा तर उंबऱ्यावर बसल्या बसल्या म्हणाली, "आप्पा, नशीब काढलं की तुमी. आमच्या पोराला मी काय खाल्लं ते बी म्हाईत न्हाय."

सिद्रामआप्पा नुसतं हं म्हणाले. जन्म गवंडीकामात गेलेला. जी भिंत भराभर वर चढते तिच्या पायाकडं आधी बघायचं, ही त्यांची सवय. बायको भीमाबाई गेली त्या वर्षी याच पोरानं बापाला ताप आला तर दुकानातून फोनवर गोळीचं नाव सांगितलं होतं. आता तोच गोळी हातात देऊन गिळेपर्यंत समोर उभा राहत होता.

आप्पा वळसंगहून सोलापुरात आले ते गवंड्याच्या हाताखाली पाट्या टाकायला. गारा कालवता कालवता थापी धरायला शिकले, थापीवरून ओळंब्यावर आले. लोकांची घरं बांधून झाल्यावर उरलेल्या उजेडात स्वतःचं बांधलं. वाडवडिलांची एक वीट त्यात नव्हती. ज्या मिस्त्रीच्या हाताखाली ते शिकले त्यानं एक गोष्ट ठोकून बसवली होती: अर्धं काम कुणाच्या हवाली करायचं नाही. पायरी बसली, पाणी मारून झालं, वर उभं राहून पाहिलं, की मगच किल्ली द्यायची. आप्पांनी जन्मभर तेच केलं. मालक घाई करू लागला तर ते थापी धुऊन ठेवत आणि सांगत, "मग दुसरा गवंडी बघा."

थोरली मुलगी राजश्री नर्स झाली. नोकरीत असतानाच तिनं बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर चर्चमध्ये लग्न केलं आणि तिला मुलगी झाली, रूथ. आप्पा कित्येक वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. पण भीमाबाईच्या शेवटच्या आजारात राजश्रीच रात्रंदिवस आईपाशी होती. आईचं अंग पुसताना तिनं देव कोणता हे विचारलं नव्हतं. आई गेल्यावर आप्पांनी माडीवर दोन खोल्या चढवायला घेतल्या आणि बोळातल्या लोकांसमोर सांगितलं, "वरचं राजीचं. खालचं अभिमन्यूचं." वर जायला त्यांनी बाहेरून वेगळा जिना काढला. भिंत घातली, वेगळं दार बसवलं, म्हणजे वाटणी झाली, असं ते समजत होते. दोघांच्या शेतात बांध घातला की झालं, तसंच.

जिन्याच्या वरच्या पायऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या, तेव्हा राजश्रीच्या किडन्या गेल्या.

तिचं डायलिसिस सुरू झालं. नवऱ्याच्या रिक्षातून ती जायची, यायची, पिवळी पडत चालली होती. एकदा पडून राहिल्या राहिल्या ती बापाला म्हणाली, "आप्पा, मला खोली नको. रूथच्या डोक्यावर तेवढं छप्पर ऱ्हाऊ द्या. तिच्या बापाचं भाड्याचं घर हाय, माझ्यामागं कुटं जाईल ती?"

आप्पा कोर्टाजवळ निवेदिता होटकर नावाच्या वकील बाईंकडं गेले. बरोबर शेजारचा दिपक होता, रेल्वेत नोकरीला असलेला, बौद्ध घरातला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तोंडानं सांगून आणि भिंत घालून घर कुणाचं होत नाही, आप्पा. घर आज पूर्ण तुमच्या नावावर आहे. तुम्ही काहीच न लिहिता गेलात तर मुलगा आणि मुलगी, दोघांना सारखं."

"तिनं धर्म बदलला तरी?"

"तरी. धर्म बदलला म्हणून मुलीचा हक्क जात नाही. तुमच्या मागं ती असेल तर तिला अर्धं मिळेल, आणि तिच्यानंतर तिच्या माणसांना."

आप्पांनी मान हलवली. बाई मात्र थांबल्या नाहीत.

"पण ती तुमच्या आधी गेली तर? मग नात तुमची थेट वारस म्हणून येणार. आणि कायदा असा आहे की, आईनं हिंदू धर्म सोडल्यानंतर जन्मलेल्या मुलाला हिंदू आजोबाचा वारसा मिळत नाही. आजोबा जातील त्या वेळी ते मूल हिंदू असेल तरच मिळतो. जावयाला तर नाहीच. सगळं मुलाला."

दिपक पुढं सरकला. "म्हणजे आमच्यात बी असंच? आमच्या आजोबांनी धर्म बदलला होता की."

"नाही. वारसा कायद्याच्या दृष्टीनं बौद्ध, जैन, शीख हिंदूंतच धरलेत. तुम्हाला हा अडसर नाही. ख्रिस्ती, मुसलमान झालेल्यांच्या मुलांना आहे."

"बघा आप्पा," दिपक हसत म्हणाला, "राजीअक्कानं आमच्याकडं यायचं होतं."

आप्पा हसले नाहीत. ते एवढंच समजले होते की, आता कोण आधी जातं यावर रूथचं छप्पर उभं होतं.

"यावर उपाय साधा आहे," बाई म्हणाल्या. "मृत्युपत्र करा. घर तुमच्या कमाईचं, तुम्ही कुणालाही देऊ शकता. त्यात नातीचा धर्म आड येत नाही. आजच करू."

"जिना होऊ द्या," आप्पा म्हणाले. "चार पायऱ्या हायत. अपुरं काम मी कुणाच्या नावावर करत न्हाय."

"आप्पा, कायदा पायऱ्या बघत नाही."

"मी बघतो की."

हीच त्यांची चूक. अशी चूक करायला आयुष्यभर नीट काम केलेलं असावं लागतं.

अभिमन्यूचं वाळू-सिमेंटचं दुकान होतं. जिन्याची वाळू तोच देणार होता. पहिला ढीग आला. आप्पांनी मुठीत घेऊन चोळली, तळहाताला माती चिकटली. "परत ने." अभिमन्यूनं तक्रार केली नाही. "व्हय आप्पा, तुमच्या मनासारखी आणतो. घाई कशाला?" दुसरा ढीग यायला आठवडा गेला. तोही मातकट. मग फरशा आल्या, एकीचा कोपरा उडालेला. मग सिमेंटचं पोतं आलं, त्यात खडे धरलेले. प्रत्येक वेळी आप्पांनी नाकारलं आणि प्रत्येक वेळी पोरगा गोड बोलून परत घेऊन गेला. दूध मात्र एकही दिवस चुकलं नाही.

राजश्रीला एकदा श्वास लागला, दवाखान्यात ठेवलं. त्या दिवशी अभिमन्यूनं बापाचा रक्तदाब मोजायचं यंत्र विकत आणलं.

"अक्काचं काय खरं न्हाय आता," पट्टा बापाच्या दंडावर आवळत तो म्हणाला. "आज हाय, उद्या न्हाय. पण तुमी ठणठणीत ऱ्हायला पायजे. काम निवांत करा. अर्धामुर्धा जिना तुमच्या नावाला शोभायचा न्हाय."

यंत्र गुरगुरत होतं. आप्पांनी पोराच्या तोंडाकडं पाहिलं. तो आकड्याकडं पाहत होता, तराजूचा काटा बघावा तसा.

"तू कुना वकिलाकडं गेलतास?" आप्पांनी विचारलं.

"आपल्या धंद्याच्या कामानं जावंच लागतं की." पट्टा सुटला. "बरं हाय प्रेशर. लई बरं हाय."

आप्पांना कोपरा उडालेली फरशी आठवली. ती उडालेली नव्हती, उडवलेली होती. छिन्नीची खूण त्यांनी पाहिलीही होती, पण आपल्याच पोराच्या हातची म्हणून ओळखली नव्हती. राजी जाईपर्यंत जिना लांबवायचा होता.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. राजश्री झोपली होती. बाहेर बाकड्यावर रूथ आईची चादर घडी करत होती. आप्पांनी सरळ विचारलं, "पोरी, तू हिंदू झालीस तर कायद्यानं घर तुला येतंय. तसं बी एक दार हाय म्हणतात."

रूथनं चादरीची घडी मांडीवर ठेवली. "आजोबा, मम्मी आत पडली हाय आन मी तिच्यासाठी प्रार्थना करते. ती मी कुठल्या तोंडानं बदलू? घरासाठी?"

"मी इचारलं फकस्त."

"मला म्हाईत हाय. तुमी वाईट वाटून घेऊ नका."

आप्पा उठले. चार पायऱ्या राहिलेल्याच होत्या. त्यांनी दिपकला गाठलं, चंद्रव्वाच्या नवऱ्याला बरोबर घेतलं आणि होटकर बाईंकडं गेले. माडी राजश्रीला, आणि ती आपल्या आधी गेली तर रूथला, खालचं अभिमन्यूला. असं साधं लिहिलं. डॉक्टरचा दाखला जोडला. दोघांच्या समोर सही केली, दोघांनी त्यांच्यासमोर साक्षीच्या सह्या केल्या आणि निबंधक कचेरीत नोंदही करून घेतली. आप्पांनी अपुऱ्या कामावर पहिल्यांदाच नाव घातलं होतं. बाहेर आल्यावर त्यांनी दोघांना बजावलं, "बोळात शब्द नको."

त्यानंतर राजश्री फार टिकली नाही. चर्चच्या दफनभूमीत अभिमन्यू सगळ्यांच्या पुढं होता, मूठभर माती त्यानं सर्वांत आधी टाकली, आणि रडलाही. खरंच रडला असेल. दोन्ही गोष्टी एका माणसात मावतात.

पुढच्या रविवारी आप्पा खालच्या पायरीवर बसले असताना तो जिन्याखाली येऊन उभा राहिला. हातात दुधाचा पेला होता. आवाजात आता गोडवा नव्हता, नुसता व्यवहार होता.

"आप्पा, अक्का गेली. आता या जिन्याचं काय काम? पाडून टाकू. दुकानाची पोती ठेवायला जागा व्हईल."

"पाडायचा आसंल तर रूथला इचार," आप्पा म्हणाले. "माझ्यामागं माडी तिची हाय. लिहून झालंय."

अभिमन्यूचा चेहरा हलला नाही. त्यानं पेला पायरीवर ठेवला. मग बापाशेजारी बसला, अगदी जवळ, आणि आप्पांच्या खांद्यावरची धूळ झटकली.

"मृत्युपत्र व्हय? ते बदलता येतंय, आप्पा. माणूस जिवंत हाय तवर कवाबी." पेला त्यानं पुढं सरकवला. "दूध प्या. घाई न्हाय. तुमी लई जगायला पायजे."

आप्पांना आता सगळं समजलं. पोरगा त्यांना मरू देणार नव्हता. रोज दूध येणार होतं, रोज गोळी, रोज पट्टा, रोज खांद्यावर हात, आणि रोज एकच गोष्ट, हळू आवाजात, जोवर सही करणारा हात दमत नाही तोवर. आणि आपला हात किती दमलाय हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

त्यांनी पेल्याला हात लावला नाही. कठड्याला धरून उठले आणि वर चढले. दिपकनं दुसऱ्या दुकानातून आणून दिलेली वाळूची गोणी वर ठेवली होती. ती सोडली, मूठभर चोळली. स्वच्छ होती. गारा कालवला, पहिली फरशी बसवली, थापीच्या दांड्यानं ठोकून आवाज ऐकला. मग दुसरी घेतली.

खाली अभिमन्यू बसूनच होता. दुधावर साय धरली होती, आणि तो वर बघत, न कंटाळता, बापाच्या हाताकडं पाहत होता.