नऊ पायऱ्यांची सूचना

आमच्या चर्चच्या मंडळीच्या विशेष सभेला चाळीस माणसं लागत होती. थांबली तेवीस. बाकीच्यांना घरी पाठवण्याचं काम मी एकट्याने केलं होतं. कुणाला हाकललं वगैरे नव्हतं, फक्त सूचना लिहिली होती.

मी मंडळीचा चिटणीस. बत्तीस वर्षं एका कचेरीत मसुदे लिहून निवृत्त झालो. साधं वाक्य लिहिलं की मला अंगात सदरा नसल्यासारखं वाटतं. तेव्हा मी लिहिलं होतं ते असं: "समस्त सन्माननीय सभासदांस अवगत करण्यात येते की, उपासनेच्या समाप्तीनंतर अविलंब विशेष सर्वसाधारण सभा आयोजिण्यात आली असून, प्रवेशद्वारानजीक उतरणीयुक्त मार्गाच्या उभारणीविषयीचा ठराव विचारार्थ मांडण्यात येईल. गणसंख्येच्या पूर्ततेस्तव सर्वांची उपस्थिती प्रार्थनीय आहे."

पाळकसाहेबांनी ही सूचना दोन रविवार व्यासपीठावरून वाचली. दोन्ही वेळा लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, पोचली. तिसऱ्या रविवारी उपासना संपली, पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला आणि मंडळी नेहमीसारखी चपला शोधत बाहेर पडली. थांबलेल्या तेविसांत दोघं झोपलेले होते. एक बाई छत्री शोधत होत्या.

मी हजेरीची वही मिटली तेव्हा शेवटच्या बाकावरून कंपाउंडरबाई उठल्या. माझ्याकडे फक्त पाहिलं. चुकीचं औषध घेऊन परत आलेल्या पेशंटकडे त्या असंच पाहत असणार.

कंपाउंडरबाई हे त्यांचं आम्ही ठेवलेलं नाव. मोठ्या दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीत त्या चौतीस वर्षं उभ्या होत्या. खिडकी एवढीशी, पलीकडे रांग लांबलचक. तान्ही पोरं कडेवर घेतलेल्या आया, कानाला हात लावून ऐकणारे आजोबा, घाईत असलेली कॉलेजची मुलं. सगळ्यांना एकाच आवाजात, एकाच भाषेत सांगायचं आणि पुढच्याला बोलवायचं. निवृत्त झाल्या तरी बोलणं खिडकीतलंच राहिलं. आमच्याकडे चहाला आल्या की निघताना म्हणतात, "चहा चांगला. साखर अर्धी. पुढच्या वेळी येईन."

त्यांच्या घरी त्यांची थोरली बहीण असते. कमरेचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं चाकाच्या खुर्चीत आहे. आणि आमच्या दाराशी नऊ पायऱ्या आहेत. सुरुवातीला चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून आत नेलं होतं. तिसऱ्या खेपेला तिने सांगितलं, "मला पोत्यासारखं उचलायचं नाही. उतार बांधा, मग येते." तेव्हापासून दर रविवारी कंपाउंडरबाई घरी जाऊन तिला उपदेश सांगतात. पाळकसाहेबांचे पस्तीस मिनिटं, बाईंचे चार. थोरली विचारते, "बाकीचं कुठे गेलं?" बाई म्हणतात, "बाकीचं पाण्यासारखं. गोळी एवढीच होती."

तर ती सभा त्या उताराची होती. आमच्या नियमावलीप्रमाणे ती एकदाच पुन्हा बोलावता येते. दुसऱ्यांदाही चाळीस जण भरले नाहीत तर तो विषय वर्षभर बंद. थोरली अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. या वयात वर्ष म्हणजे काय हे कुणी कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी बाई मंडळीच्या कचेरीत आल्या. कचेरी म्हणजे मागच्या अंगाची खोली. एक कपाट, एक डुगडुगतं टेबल, आणि भिंतीला टेकवलेल्या घड्या घालायच्या खुर्च्या. खिडकीशी घड्याळवाले काका बसले होते. वय ब्याऐंशी, दुकान मुलाकडे, मंडळीतले सगळ्यात जुने पंच. घरून माझी पुतणी आली होती, कारण फोनच्या गटावर सूचना टाकायचं काम तिचं.

बाईंनी माझी सूचना टेबलावर ठेवली. "चिटणीस, वाचा."

मी वाचली. आवाज चांगला लागला होता.

"आता ए पोरी, तू सांग. काय करायचंय?"

पुतणी माझ्याकडे बघत म्हणाली, "काका, खरं सांगू? मी 'अवगत'ला सोडून दिलं. मला वाटलं, सन्माननीय लोकांचं काहीतरी आहे."

"काका, तुम्ही सांगा," बाई खिडकीकडे वळल्या.

घड्याळवाले काका ताठ बसले. "सुंदर लिहिलंय. भारदस्त."

"भारदस्त आहेच. काय करायचंय?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काहीतरी प्रार्थनीय आहे."

"तुम्ही थांबला होतात काल?"

"मी घरी गेलो," काका म्हणाले. मग जरा वेळाने, "पण अभिमानाने गेलो."

पुतणी हसत सुटली. बाई हसल्या नाहीत. "खिडकीत माझी एक रीत होती," त्या म्हणाल्या. "औषध हातात दिलं की मी विचारायचे, आता तुम्ही मला सांगा, कधी घेणार, किती घेणार? मान डोलावली की मला कळायचं, याला काही समजलेलं नाही. समजलेला माणूस मान डोलवत नाही, तो उलटून सांगतो."

पुतणीने तेवढ्यात फोनवर एक नमुना तयार केला आणि उत्साहाने वाचला: "हाय फ्रेंड्स! संडेला सर्व्हिसनंतर सुपर इम्पॉर्टंट मीटिंग! मिस करू नका, नो एक्स्क्यूज!"

काकांचा चेहरा असा झाला की मला पाणी आणायला उठावं लागलं. "ही देवाच्या घरातली पाटी आहे," ते म्हणाले, "सर्कशीची नाही!"

"काका बरोबर आहेत," बाई म्हणाल्या. पुतणीला धक्का बसला, मलाही. "चिटणिसांचं फक्त चिटणिसांना कळतं. तुझं फक्त तुझ्या मैत्रिणींना. खिडकीपलीकडे सगळेच उभे असतात गं. काका, सांगा, कुठले शब्द गेलेले तुम्हाला चालणार नाहीत?"

काकांनी बोटांवर मोजलं. "उपासना. सभा. ठराव."

"उपासना राहील. तो जड शब्द नाहीच, फोन सोडला तर या पोरीच्या तोंडातही तोच असतो. सभाही राहील. ठराव कळतो का गं तुला?"

"म्हणजे, ते हात वर करतात ते?"

"मग लिहा, हात वर करून ठरवू."

"पण नियमावलीत ठराव हा शब्द हवाच," मी मध्ये पडलो. माझा हा शेवटचा किल्ला होता. "विषय ठरावाच्या रूपात लेखी मांडलेला नसेल तर उद्या कुणीही हरकत घेईल."

बाईंनी क्षणभर विचार केला. "खाली लिहा. बारीक अक्षरात, तुमच्या भाषेत, नियमाला लागेल तेवढंच. वर माणसांसाठी, खाली नियमासाठी."

अशी माझी बत्तीस वर्षांची भाषा कागदाच्या तळाशी गेली. उभं राहून वाचलं तर दिसतही नव्हती.

मग वरचं लिहायला बसलो. हात माझा, जीभ बाईंची. "पुढच्या रविवारी" असं मी लिहिलं, तर त्या म्हणाल्या, "ही दोन रविवार वाचली जाणार. पहिल्यांदा ऐकणारा एक रविवार आधीच थांबेल. तारीख घाला." मी "उतरणीयुक्त" खोडून "उतार" लिहिलं. पुतणी म्हणाली, "आम्ही रॅम्प म्हणतो." काका म्हणाले, "आम्ही नाही म्हणत." बाई म्हणाल्या, "दोन्ही घाला. एकाच बाटलीवर दोन नावं असतात की."

बाईंच्या "घरी जाऊ नका" यावर मात्र काका अडले. मंडळीला असा हुकूम सोडायचा नसतो, म्हणाले. मी लगेच "जाऊ नये" सुचवलं. बाई म्हणाल्या, ते बागेतल्या गवतावरच्या पाटीसारखं वाटतं. शेवटी काकांनीच तोड काढली: "कृपा करून थांबा." बाईंनी ते मोठ्याने म्हणून पाहिलं, दोनदा. "हे चांगलंय. यात मानही आहे आणि कामही."

सूचना अशी झाली:

"अठ्ठावीस तारखेला, रविवारी, उपासना संपल्यावर सभा आहे. कृपा करून अर्धा तास थांबा. आपल्या दाराशी नऊ पायऱ्या आहेत. ज्यांना त्या चढता येत नाहीत त्यांच्यासाठी बाजूने उतार, म्हणजे रॅम्प, बांधायचा का, हे हात वर करून ठरवू. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक सभासदाचा हात मोजला जाईल. चाळीस जण नसले तर हा विषय वर्षभर पुन्हा घेता येणार नाही."

मला वाटलं, झालं. बाईंना वाटलं, आता सुरुवात. त्या कागद घेऊन खोलीबाहेर गेल्या. फरशी पुसणाऱ्या मावशींना वाचून दाखवला, पेटीचे सूर लावायला आलेल्या माणसाला दाखवला, दूध घेऊन चाललेल्या एका आजींना फाटकापाशी थांबवलं. प्रत्येकाला एकच प्रश्न, "आता तुम्ही मला सांगा." आजी म्हणाल्या, "अठ्ठावीसला थांबायचं, उतारासाठी हात वर करायचा. एवढं कळायला मी काय म्हातारी झालेय?"

बाईंनी कागद माझ्या हातात दिला. "लावा."

अठ्ठावीसला मी वही घेऊन उभा राहिलो. पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला. एक क्षण कुणीच हललं नाही. मग पहिल्या बाकावरचे एक गृहस्थ उठले, आणि मला वाटलं, गेली सभा. त्यांनी फक्त खिडकी उघडली आणि पुन्हा बसले. बाकं भरलेलीच राहिली. घड्याळवाले काका घड्याळ हातात धरून बसले होते, अर्धा तास मोजायला. मागे पुतणीच्या मैत्रिणी ओळीने.

मी नावं मोजली. एक्काहत्तर. पुन्हा मोजली, कारण विश्वास बसेना. एक्काहत्तरच. शेवटच्या बाकावर कंपाउंडरबाईंनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मग पटकन रुमाल काढून नाक पुसलं, आणि माझं लक्ष आहे हे पाहून सर्दीचं कारण सांगितलं. हात वर झाले तेव्हा मोजायचीही गरज नव्हती, तरी मी मोजले. विरोधात एकही नाही. काकांनी चुकून दोन्ही हात वर केले होते. एक खाली घ्यायला लावला.

उतार बांधायला चार महिने लागले. एका बाजूने कठडा, वर खरबरीत सिमेंट, चाक घसरू नये म्हणून. ज्या रविवारी तो खुला झाला, त्या दिवशी थोरली खुर्चीत बसून खालच्या टोकाशी आली. नवी साडी, पायात मोजे, चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. वर दारात सगळी मंडळी गोळा झाली होती. माझा ऊर भरून आला. अशा वेळी चिटणिसाने गप्प राहायचं म्हणजे अन्यायच. मी खिशातून कागद काढला, घसा साफ केला आणि खुर्चीमागे उभ्या असलेल्या कंपाउंडरबाईंना हळूच विचारलं, "या मंगल आगमनाप्रीत्यर्थ दोन शब्द बोलू का?"

त्या म्हणाल्या, "बोलू नका, खुर्ची ढकला."