बायजाबाईंचं तेल

बायजाबाई कुत्र्यांना आंघोळ घालायच्या. हे सांगितलं की लोक हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. चौऱ्याऐंशी साली धंतोली आणि रामदासपेठेतल्या सात घरांची कुत्री त्यांच्या हाताखाली होती, आणि त्याआधी वीस-बावीस वर्षं त्याच गल्ल्यांतल्या बाळंतिणी नि तान्ही पोरं. पुढे घराघरांत नर्स येऊ लागल्या, सुगंधी तेलाच्या बाटल्या आल्या, आणि बायजाबाईंची घरं एकेक करून सुटली. तेव्हा माझ्या भावाने, मधुकरने, त्यांना विचारलं, "आमच्या रुस्तमला न्हाऊ घालाल का?"

"काहून नाही, साहेब? शेपटी हाय म्हनून तो लेकरू नाही का?"

एवढ्या एका वाक्यावर त्यांचा दुसरा धंदा सुरू झाला. त्यांची पद्धत मात्र पहिलीच राहिली. आधी कोमट तेलाने अंग चोळायचं, मग कढत पाणी, मग पुन्हा तेलाचा हात. तेल खोबऱ्याचं, कडुनिंबाचा पाला घालून घरी उकळलेलं, एका पत्र्याच्या डब्यात. काखेत, जांघेत, मानेच्या वळीत बोट फिरवून तेल जिरवायचं आणि शेवटी दोन्ही कानांत दोन-दोन थेंब. तान्ह्याला करतात तसं सगळं. साठीला आलेली बारीक बाई, हातांच्या शिरा वर आलेल्या, पण एकदा चोळायला बसली की कुत्रं डोळे मिटून घ्यायचं.

मी चौऱ्याऐंशी सालीच कॉलेजातून निवृत्त होऊन मधुकरकडे राहायला आले. तो विधुर, वनखात्यातून निवृत्त, कमी बोलणारा. त्याची बोलाचाल जी काय होती ती रुस्तमशी. रुस्तम नऊ वर्षांचा स्पॅनियल, लांब कानांचा. आणि त्याला वास यायचा. कसा, ते नीट सांगते. दार उघडलं की कुत्र्याआधी वास भेटायचा. उशीच्या अभ्र्याला, मधुकरच्या स्वेटरला, माझ्या साडीच्या घडीलाही तो लागला होता. एप्रिलात कूलर सुरू झाला तसा तर घरात उभं राहवेना. रुस्तम दिवसभर त्या दमट वाऱ्यात पसरलेला असायचा.

मग पुण्याहून मधुकरच्या मुलीचं, सुहासिनीचं, पत्र आलं. पहिलं बाळंतपण, माहेरी येणार होती. तिने स्पष्ट लिहिलं होतं, की मागच्या वेळचा वास अजून नाकात आहे, कुत्रं तसंच असेल तर मी तान्हं बाळ त्या घरात आणणार नाही. मधुकरने पत्र दोनदा वाचलं. कन्हानला खाणीवर त्याचा एक जुना मित्र होता, मोठं आवार, तो रुस्तमला ठेवून घ्यायला तयार होता.

"नऊ वर्षांचं कुत्रं उघड्या आवारात, कोळशाच्या धुळीत. किती दिवस काढेल?" मी म्हटलं.

"तूच सांग, ताई, काय करू." एवढं बोलून तो बागेत गेला. सुहासिनी यायला सहा आठवडे होते.

मी अर्थातच बायजाबाईंना धारेवर धरलं. आठवड्यातून दोनदा घालायच्या, ती आंघोळ रोज घालायला लावली. कपड्यांचा साबण आणून दिला. वास वाढला. मी आणखी चिडले.

"बाई, तुम्ही घासता की नुसतं पाणी ओतता? दोन तासांत वास येतो!"

"घासतो ना. माहे हात पाहा."

"मग?"

"मंग हा मैलाचा वास नोहे." त्या ओट्यावर टेकल्या. दमल्या होत्या. "दोन वास हायेत, बाई. एक आंबल्या पिठासारखा, तो रोजचा. दुसरा सुकटीचा. तो मधामधात येते, हा उठला का येते अन् चालला जाते. तुमी एकच म्हनता."

"वासात काय दोन नि चार!"

"तुमी कालेजात शिकवलं ना वं बाई? तिथं वास नव्हता का?"

मी पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. मला राग आला, कारण ती बाई नाकाने माझ्यापेक्षा नीट काम करत होती. मी म्हटलं, चला, डॉक्टरकडे दाखवू. तिथे नुसता मळच निघाला तर तुमचं काम बंद आणि कुत्रं कन्हानला.

"चला," त्या म्हणाल्या.

सायकलरिक्षात रुस्तम त्यांच्या मांडीवर. सीताबर्डीच्या चढावर रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. "माताजी, कुत्ता ले जा रहे हो के मरा हुआ चूहा?"

"तू सामने देख," बायजाबाई म्हणाल्या. "तुह्या बापाच्या अंगाले अत्तर होतं का?"

जनावरांच्या दवाखान्यात बैल, बकऱ्या, कोंबड्या असा सगळा बाजार. डॉक्टर तरुण होता, शिकून नुकताच आलेला. त्याने पहिली गोष्ट केली ती ही की रुस्तमला हुंगलं. आधी तोंड, दात पाहून. मग कान उलटा करून. मग काख, पायाची बोटं, आणि शेवटी शेपटीखाली. मी आजवर कुठल्या डॉक्टरला असं करताना पाहिलं नव्हतं.

"तोंडाचा नाही. दोन वेगळे वास आहेत," तो म्हणाला.

बायजाबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता.

"हा ढुंगण जमिनीला घासतो का?"

घासायचा. आम्ही जंत समजून दोनदा औषध दिलं होतं. डॉक्टरने रबरी मोजा चढवला, कापसाचा बोळा धरला आणि शेपटी वर करून हळूच दाबलं. गुदाच्या दोन्ही बाजूंना, खालच्या अंगाला, वाटाण्याएवढ्या दोन पिशव्या असतात. एरवी शौचाबरोबर त्या आपोआप रिकाम्या होतात, याच्या तुंबल्या होत्या. कापसावर तपकिरी, घट्ट लगदा आला आणि खोलीभर सडक्या मासळीचा असा भपकारा सुटला की शेजारचा बकरीवाला बाहेर गेला. रुस्तम कण्हला, मग त्याने शेपटी हलवली.

"हा सुकटीचा," बायजाबाई म्हणाल्या.

आंबटाण मात्र राहिली होती. डॉक्टरने काखेतले केस बाजूला केले. कातडी काळी, जाड, तेलकट, हत्तीच्या कातड्यासारखी सुरकुतलेली. त्याने तिथे चिकटपट्टी दाबून उचलली, काचेवर लावली, निळा रंग टाकला आणि सूक्ष्मदर्शकात पाहिलं. कानातला मळही तसाच पाहिला. मग आम्हाला बोलावलं. मी पाहिलं, निळे ठिपके, पुष्कळ. बायजाबाईंनी एक डोळा मिटला आणि बराच वेळ पाहिलं.

"ह्या त भुईमुंगाच्या शेंगा हायेत. लहान लहान."

"बरोबर. यीस्ट. पावाचं पीठ ज्याने आंबतं, त्याच्याच गोतातलं, पण हे कातडीवर राहतं. पुस्तकांत याचं नाव कानाच्या दुखण्यात येतं, पण मला ते अंगावरही दिसतं. थोडं प्रत्येक कुत्र्यावर असतंच. ओल मिळाली, चरबी मिळाली की वाढतं. अंगाला काही लावता का?"

"तेल," बायजाबाई म्हणाल्या. आवाजात अभिमान होता, मला नीट आठवतं. "कडुनिंबाचं. कानात बी टाकतो."

डॉक्टरने काचेकडे बोट दाखवलं. "हे तेलावरच जगतं, बाई."

बाहेर एक म्हैस ओरडत होती.

"मीच पोसलं का मंग?"

"तुम्ही एकट्याने नाही. रोज आंघोळ कुणी सांगितली? कपड्यांचा साबण? त्याने कातडी रखरखीत होते, ती आणखी चरबी सोडते. वर अंग ओलंच ठेवून कूलरपुढे."

"मी सांगितली," मी म्हटलं. बोलावंच लागलं.

त्याने लिहून दिलं. माणसांच्या कोंड्यावरचा औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा. लावून घड्याळाने दहा मिनिटं ठेवायचा, खळखळून धुवायचा, मग कोरडं करायचं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. कानात थेंब औषधाचे, तेलाचा एकही नाही. पिशव्या महिन्याने पुन्हा दाखवायच्या. "आणि मुळात ॲलर्जी असेल, नाहीतर गळ्यातल्या ग्रंथीचा बिघाड, तर हे परत येईल. कायमचं जाईल असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. मला तो माणूस आवडला.

घर आल्यावर बायजाबाई म्हणाल्या, "सात घरी टाकतो मी कानात तेल."

"आजपासून बंद करा. झालं."

"झालं कसं वं बाई? आतापावतर जे टाकलं त्याचं का?"

दुसऱ्या दिवशी त्या उरलेल्या सहाही घरी गेल्या. दारात उभं राहून सांगितलं, माहं चुकलं, तेल चालत नाही, एकदा कुत्र्याचा कान डाक्टरले दाखवा. चार घरांनी हो-हो म्हटलं. पाचव्या घरी एक पोमेरेनियन होतं, तिथल्या बाईंनी सांगितलं, आता आमचं आम्ही पाहू. सहावं घर एका वकिलाचं. त्यांच्या अल्सेशियनचा डावा कान खरंच आतून काळा निघाला, औषधाने बरा झाला, आणि त्यांनीच बायजाबाईंना फाटकाबाहेर काढलं. तुझ्यामुळे झालं म्हणाले.

मी ओरडले. "सांगायची काही गरज होती? गुपचूप तेल बंद केलं असतं तर कुणाला कळलं असतं?"

"कुत्र्याले कळलं असतं," त्या म्हणाल्या. मग ओट्यावर टेकून, "तान्ह्या लेकराइच्या कानात बी टाकलं मी, बाई. बावीस वर्सं. त्याइच्या घरी आता कुठं कुठं जाऊ?"

मी शाम्पूची बाटली आणून ओट्यावर ठेवली.

पहिले दोन आठवडे काही फरक दिसला नाही आणि मधुकरने कन्हानच्या मित्राला फोन करून तयारीत राहायला सांगितलं. बायजाबाई मंगळवारी नि शनिवारी यायच्या. फेस लावून रुस्तमला धरून बसायच्या, मी घड्याळ घेऊन मिनिटं सांगायची. तेलाशिवाय त्यांचे हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नसे, उगाच कुत्र्याच्या पाठीवर फिरत राहायचे. तिसऱ्या आठवड्यात खाजवणं कमी झालं. चौथ्यात काखेची कातडी मऊ पडली. कूलर मी दुसऱ्या खोलीत हलवला आणि उकाड्यात झोपले.

सुहासिनी मेच्या शेवटी आली. सातवा महिना, पाय सुजलेले, प्रवासाने वैतागलेली. मधुकर दारात उभा होता. ती आत आली, रुस्तमजवळ खुर्चीवर बसली आणि वास घेतला.

"आहे थोडा."

"थोडा म्हणजे?" मधुकर.

"थोडा म्हणजे थोडा, बाबा. कुत्रं आहे ते. चालेल."

मधुकरने आत जाऊन कन्हानला फोन केला. मी बाहेर ऐकत होते. नको म्हणाला, धन्यवाद म्हणाला, आणि रुस्तमचं भांडं भरून घेऊनच बाहेर आला.

ऑगस्टात वास परत आला. डॉक्टरने सांगितलं होतंच. पुन्हा शाम्पू, पुन्हा थेंब, महिन्याला एकदा त्या पिशव्या. बाळाला न्हाऊ घालायला बायजाबाईंनाच बोलावलं. तेल चोळायच्या आधी त्यांनी प्रसूतिगृहातल्या बाईंना विचारून घेतलं, अंगाला चालेल का. चालेल म्हणाल्या. कानाचं त्यांनी विचारलंच नाही, तिथे तेल टाकायचं त्यांनी सोडलंच होतं.

रुस्तम आणखी तीन वर्षं जगला. तोवर बायजाबाईंकडे दोनच घरं उरली होती, गुडघे गेले होते, ओट्यावर बसायला त्यांना माझा हात लागायचा. दहा मिनिटं झाली म्हटलं की पाणी ओतायच्या, आणि मग जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन एकेक पंजा, एकेक बोट, मधली फट पुसत राहायच्या. मी म्हणायची, पुरे, कोरडं झालं. त्या म्हणायच्या, "तुमी घड्याळ पाहा, बाई. कोरडं मले कळते."