लिसम्माची डी

कोचीतल्या स्टुडिओत लिसम्मा एकोणीस वर्षं मालिकांचे भाग जुळवत होती. क्लिप कापायला एस, नको ती उडवून पुढच्या क्लिपा आपोआप मागे सरकवायला डी, खूण करायला एफ, अशी कीबोर्डवरची बटणं तिने डाव्या हाताखाली लावली होती.

आठ महिन्यांपूर्वी सकाळच्या पाळीला आलेला सनोज मात्र त्याच संगणकावर ती रोज बदलायचा. त्याची डी नुसतीच क्लिप काढायची आणि जागा रिकामी ठेवायची. त्या दुपारी घाईत लिसम्माने आठ क्लिपा उडवल्या, तर भागात आठ काळी भोकं पडली.

"सनोज, पुन्हा हात लावलास?" ती कडाडली.

निघता निघता तो थबकला. तिला तो चेची, म्हणजे ताई, म्हणायचा. "चेची, मीही रोज तुमच्यावर वैतागतोच की! माझी मांडणी वेगळ्या नावाने जतन करून ठेवली, तर चालेल?"

"असं करता येतं?"

"यादीत आपापलं नाव निवडायचं, बस्स."

"आणि हे तू आठ महिन्यांनी सांगतोयस?"

"मलाही कालच कळलं, चेची."

लिसम्माने कपाळावर हात मारला. मग धुसफुसतच तिने आपली बटणं पुन्हा लावली, 'लिसम्मा' नावाने जतन केली आणि भोकं बुजवायला घेतली.