सव्वीस युनिटांत एकशे चाळीस किलोमीटर

टॅक्सीवाली गाडी चालवते तशी पोळी लाटते: कडेला लक्ष ठेवून. स्टँडवरची पहिली विजेची टॅक्सी तिची. "वहिनी, ही रस्त्यात मान टाकणार," असं धाकट्या दिराचं भाकीत होतं. तो पेट्रोलची टॅक्सी चालवतो.

त्या दिवशी मागच्या सीटवर सासूबाई होत्या. मोठ्या गावातल्या इस्पितळात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टर महिन्यातून एकदाच तिथे येत आणि अकराच्या आत पोचलं नाही तर पुढचा महिना. वाटेतला एकुलता चार्जर बंद. त्यात चष्मा शोधण्यात निघायला उशीर झालेला, म्हणून तिने गाडी शंभरावर पळवली.

वीस किलोमीटर झाले तशी तिची नजर स्टिअरिंगमागच्या पडद्यावर गेली. पूर्ण भरून निघालेली बॅटरी सत्त्याऐंशी टक्क्यांवर! तिची बॅटरी तीस युनिटांची, घरच्या मीटरवर मोजतात तेच युनिट. म्हणजे चार युनिट फस्त. युनिटाला पाचच किलोमीटर. उरले सव्वीस, त्यात एकशे तीस जाणार, आणि रस्ता उरलाय एकशे चाळीस.

तिने पाय सैल सोडला.

"अहो वहिनी, पडदा अजून एकशे ऐंशी किलोमीटर दाखवतोय की!" शेजारी बसलेला दीर म्हणाला.

"तो गेल्या आठवड्याच्या गावातल्या फेऱ्यांवरून बोलतोय, भाऊजी. तिथे हळू चालते, युनिटाला सात देते. इथे शंभरावर वाऱ्याशी कुस्ती चाललीय, त्याला ते काय ठाऊक?"

"मग एसी बंद करा."

"आणि मी इथे शिजू?" मागून आवाज आला.

"चालू राहू द्या, आई," ती म्हणाली. "एसी तासाला फार तर एक युनिट खातो. खरा खादाड आहे वेग."

पंचाहत्तरवर गाडी स्थिर झाली. एक ट्रक भोंगा वाजवत पुढे गेला, मागून दुसरा.

"अगं, ट्रकसुद्धा पुढे जातायत! चालत निघाले असते तर बरं झालं असतं."

"दोन तासांच्या आत पोचवते, आई. साडेदहाला तिथे."

ती बोलली खरी, पण मनात हिशेब चालूच होता. अडकलो तर दिराचं भाकीत खरं ठरेल, ते गिळता येईल. पण आईंचा महिना अंधारात जाईल, ते नाही. प्रत्येक पाटीपाशी ती युनिट आणि किलोमीटर जुळवत राहिली. युनिटाला साडेसहा. साडेसहाच.

साडेदहाला इस्पितळाच्या फाटकात गाडी थांबली. बॅटरीत चार युनिटांहून थोडं जास्तच उरलं होतं. दिराने पडदा पाहिला आणि खाली उतरून फाटकाजवळच्या चार्जरची वायर स्वतःच गाडीला जोडली.

दुपारी सासूबाई डोळ्याला पट्टी बांधून बाहेर आल्या. शेजारच्या बाकावरच्या म्हातारीला सांगत होत्या, "माझी सून! किती खाल्लं न् किती उरलं, सगळं तोंडपाठ."

परतताना चावी दिराने मागून घेतली. फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच मागून हुकूम आला, "पंचाहत्तर! त्याच्यावर गेलास तर खाली उतरवीन."